सहाव्या पाठातली शांतता

बाईंच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण दोनदा परत आलं होतं. आता तिसऱ्यांदा आलं तर सात वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती, कारण विद्यापीठाने वाढवून दिलेली ही शेवटची मुदत होती. शुक्रवारी संशोधन समिती बसणार होती. आज रविवार होता, आणि जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी कागद मांडले होते.

बाई म्हणजे सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाई. वीस वर्षांची नोकरी, खणखणीत आवाज, आणि वर्गात पाऊल टाकलं की चिडीचूप. या चिडीचूपचा त्यांना मनातून फार अभिमान होता. प्रबंधाचा विषयही त्यांनी अंगणातलाच घेतला होता: शिक्षक वर्गात प्रश्न कसे विचारतात आणि त्याने मुलांच्या उत्तरांवर काय परिणाम होतो. विषय सोपा वाटला म्हणून घेतला, असं त्या हसून सांगत. सात वर्षांत ते हसू बरंच बारीक झालं होतं.

प्रकरण होतं सैद्धांतिक चौकटीचं. पहिल्यांदा बाईंनी त्यात जगातल्या सगळ्या विद्वानांना पंगतीला बसवलं. नव्वद पानं झाली. मार्गदर्शक सरांनी ती हातात तोलली आणि म्हणाले, "बाई, ही चौकट नाही, ही अडगळ आहे. यातली कुठली संकल्पना तुमच्या कुठल्या चलाला धरून आहे ते दाखवा. जी धरून नाही ती कितीही मोठ्या माणसाची असो, बाहेर." दुसऱ्यांदा बाईंनी तक्ता केला. एका बाजूला संकल्पना, तिच्यासमोर चल, म्हणजे अभ्यासात जे बदलतं आणि मोजलं जातं ते, त्यापुढे ते मोजायचं कसं, आणि शेवटी निरीक्षणपत्रिकेतला रकाना कुठला. तोही परत आला, समासात एकच शेरा घेऊन: 'सहावा पाठ या चौकटीत बसत नाही. का?'

त्या 'का'ने बाईंची झोप उडवली होती.

"हे बघ," नवरा म्हणाला. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा, म्हणून चौकटीची आकृती काढायचं काम त्याच्याकडे आलं होतं. "डावीकडे तीन चौकोन. प्रश्नाची पातळी, प्रश्नानंतर थांबण्याचा वेळ, आणि उत्तर आल्यावर शिक्षक काय करतो ते. उजवीकडे दोन. उत्तराची लांबी आणि आपणहून वर आलेले हात. डावीकडून उजवीकडे बाण. बरोबर?"

"बरोबर. डावीकडचे स्वाश्रयी चल, उजवीकडचे आश्रयी."

"म्हणजे हा नळ उघडला की त्या टोकाला पाणी यायला हवं."

"हो."

"आणि सहाव्या पाठात नळ पूर्ण उघडा आहे, पण पाणी येत नाही. तसं असलं की आम्ही एकच म्हणतो. मधे कुठेतरी काहीतरी अडकलंय."

बाई पेनाचं बटण अंगठ्याने दाबत बसल्या होत्या. आत, बाहेर, आत, बाहेर. विचार करताना त्यांची ही सवय होती आणि नवऱ्याने तिच्यापुढे कधीच हात टेकले होते.

त्यांची लेक पाण्याचा पेला घ्यायला आली. नववीत होती. लहानपणी तोंडाचा पट्टा कधी थांबत नसे म्हणून घरात तिचं नाव टकळी पडलं होतं. नाव तेवढं उरलं होतं.

"गणिताचा पेपर कसा गेला?" बाईंनी विचारलं.

"बरा."

"बरा म्हणजे? शेवटचं उदाहरण सुटलं?"

"माहीत नाही."

"हं. पुढे?"

टकळीने पेला भरला आणि ती खोलीत निघून गेली. दार लागलं, पण आपटलं नाही. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

"वय आहे," बाई म्हणाल्या. नवरा पट्टी धरून बाणाचं टोक काढत होता.

पाठांची गोष्ट अशी होती. दोन वर्षांपूर्वी आठ वर्गांत आठ शिक्षकांनी एकच धडा शिकवला होता, हवेचा दाब. पेला पाण्याने काठोकाठ भरायचा, त्यावर पुठ्ठा ठेवायचा, उलटा धरायचा, आणि विचारायचं, 'पाणी का पडलं नाही?' इयत्ता सातवीच, धडा तोच, प्रयोग तोच, म्हणजे फरक पडलाच तर तो विचारण्यातला. सात पाठ मुख्य मोजणीसाठी, आणि आठवा बाईंचा स्वतःचा, निरीक्षणपत्रिका तपासून पाहण्यापुरता. सरांनी आठही ध्वनिमुद्रणं आपल्याकडे ठेवून घेतली, त्यांचे क्रमांक उलटसुलट केले आणि नावांची यादी पाकिटात बंद केली. "नाव दिसलं की माणूस कान टवकारून ऐकतो किंवा कान बंद करतो," ते म्हणाले होते. बाईंना मिळाले ते फक्त टाइप केलेले कागद. त्यात 'शि' म्हणजे शिक्षक, आणि बाकांच्या क्रमाने 'वि १', 'वि २' असे विद्यार्थी. गप्प राहिलेले सेकंद कंसात, आणि वर्गात बसलेल्या निरीक्षकाने मोजलेले वर आलेले हात समासात.

ते कागद पोचवायला टायपिंगवाल्या ताई आल्या होत्या तो दिवस बाईंना आता आठवत होता. ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि चहाला नको म्हणाल्या.

"सहावा पाठ टाइप करताना मला दोनदा उठावं लागलं," त्या म्हणाल्या. "इतकी शांतता. यंत्र बिघडलं की काय वाटलं."

"कुणाचा आहे कोण जाणे," बाई म्हणाल्या. "नावं सरांकडे आहेत."

"तुम्हाला माहीत नाही?" ताईंनी एकदम वर पाहिलं. मग पर्स उचलली. "मी निघते. अजून दोन ठिकाणी जायचंय."

तेव्हा बाईंना वाटलं होतं, तऱ्हेवाईक आहे बाई.

सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत त्यांनी सहावा पाठ पुन्हा काढला. तिसरा पाठही शेजारी ठेवला, कारण तिसरा त्यांचा लाडका होता. तिसऱ्या पाठात शिक्षक प्रश्न विचारून दोनच सेकंद थांबत होता, पण पोरं एकमेकांचं वाक्य तोडून बोलत होती. कुणीतरी म्हणत होतं, 'पुठ्ठ्याला पाणी आवडतं म्हणून', सगळा वर्ग हसत होता आणि शिक्षकही. 'आवडतं म्हणजे काय, सांग की,' असं शिक्षक विचारत होता आणि मूल चांगलं वीस शब्दांचं उत्तर देत होतं. हा आपलाच पाठ, याविषयी बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खेळकरपणा लपतो थोडाच!

आणि सहावा? आकडे बघायचे तर तो सगळ्यांत उत्तम असायला हवा होता. प्रश्न वरच्या पातळीचे, नुसती आठवण न तपासता कारण विचारणारे. थांबण्याचा वेळ सरासरी पाच सेकंद, बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट. सिद्धांत सांगतो की शिक्षक तीन सेकंदांहून जास्त थांबला तर उत्तरं लांबतात, मागच्या बाकावरची मुलंही बोलू लागतात. सहाव्या पाठात उत्तरं दोन शब्दांची होती. हात सुरुवातीला नऊ वर आले होते, आणि अकराव्या मिनिटानंतर एकही नाही.

अकराव्या मिनिटाला काय झालं होतं? बाईंनी बोट ठेवून वाचलं.

'शि: पाणी का पडलं नाही? (खट्. ५ सेकंद. खट्.) वि ११: पुठ्ठा ओला होऊन पेल्याला चिकटला म्हणून. शि: (खट्. ४ सेकंद. खट्.) चिकटला. बरं. बस खाली. उभं राहून तारे तोडण्याआधी विचार करत जा. पुढे?'

त्यानंतर वि ११ पाठ संपेपर्यंत बोललं नव्हतं. वि ११च काय, कुणीच आपणहून बोललं नव्हतं. आणि प्रत्येक प्रश्नानंतर तो कंस: खट्. पाच सेकंद. खट्.

बाईंनी बोट उचललं. ते सेकंद विचार करायला दिलेले नव्हतेच. ते मांजराने उंदराला दिलेले सेकंद होते.

त्यांनी मान वर केली. समोरच्या टेबलाशी उपमुख्याध्यापिका बसल्या होत्या, चष्म्याच्या काचा पुसत. पोरं त्यांना करड्या बाई म्हणत. आठांपैकी एक पाठ त्यांचा होता. त्या टेबलावर चष्म्याची डबी उघडत-मिटत होत्या. खट्.

सापडलं, बाईंच्या मनात आलं. आणि मनात आलं ते तिथेच रुतून बसलं. त्या दिवसापासून त्या करड्या बाईंशी कामापुरतंच बोलू लागल्या. करड्या बाईंनी एकदा विचारलंही, "काही चुकलं का माझं?" बाई म्हणाल्या, "छे, मला कुठे वेळ आहे." सातवीतल्या पोरांच्या जीवावर उठलेली ही बाई, आणि वर हिचं काय चुकलं ते आपण सांगायचं!

मंगळवारी, बुधवारी त्यांनी झपाटल्यासारखं लिहिलं. नवऱ्याचं खरं होतं, मधे काहीतरी अडकलं होतं, आणि त्याला सिद्धांतात नावही होतं: चुकण्यातली सुरक्षितता. उत्तर देण्याआधी मूल मनाशी हिशेब करतं, की चुकलो तर इथे काय होईल? तो हिशेब महाग पडला तर वेळ कितीही द्या, मूल गप्प बसणंच पसंत करतं. म्हणजे हा नियामक चल झाला. तो स्वतः उत्तर घडवत नाही, पण थांबण्याच्या वेळाचा परिणाम वाढवतो किंवा उलटा फिरवतो. तक्त्यात नवी ओळ आली. संकल्पना: चुकण्यातली सुरक्षितता. चल: चुकीची किंमत. मोजायचं कसं: चुकीच्या उत्तरानंतर शिक्षकाची पहिली कृती कोणती, आणि चुकलेलं मूल त्याच पाठात पुन्हा आपणहून बोललं का. गृहीतक: किंमत कमी असेल तरच थांबण्याचा वेळ वाढला की उत्तर लांबेल. ही ओळ पाठ वाचल्यावर सुचली आहे, आधी नव्हती, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. नाहीतर आकडे आधी आणि सिद्धांत मागून शिवला, असं समितीने म्हटलं असतं.

नवऱ्याने आकृतीत नवा चौकोन काढला. त्याचा बाण कुठल्याच चौकोनात शिरत नव्हता. तो मधल्या बाणालाच जाऊन टोचत होता.

"हा बाण बघून मलाच कसंतरी होतंय," नवरा म्हणाला.

बाई खूश होत्या. सात वर्षांत पहिल्यांदा प्रकरण जिवंत झालं होतं. त्यांनी एक सणसणीत परिच्छेदही लिहिला: असा शिक्षक प्रश्न विचारत नाही, तो सापळा लावतो, आणि त्याच्या वर्गातली शिस्त ही शिस्त नसून मुलांनी घेतलेली माघार असते. वाचून दाखवायला त्यांनी टकळीला हाक मारली. टकळीने उंबऱ्यातच उभं राहून सगळं ऐकलं.

"कसं वाटलं?"

टकळीने आईच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "चांगलं आहे," ती म्हणाली आणि गेली.

गुरुवारी दुपारी बाई सरांकडे गेल्या. सरांची खोली विभागाच्या टोकाला होती, खिडकीवर जुन्या प्रबंधांच्या चळती, त्यामुळे भर दुपारीही आत दिवा लागायचा. सरांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला. बाई पेन घेऊन बसल्या होत्या.

"चौकट उभी राहिली," सर म्हणाले. "आता कुणी पाडू शकणार नाही." पण त्यांचा चेहरा काही आनंदाचा नव्हता. "हा परिच्छेद मात्र. हा कुणाला उद्देशून आहे?"

"कुणाला नाही, सर. संकल्पनेचं स्पष्टीकरण आहे."

"बाई."

बाईंनी पेनाचं बटण दाबलं. मग म्हणाल्या, "मला अंदाज आहे. आमच्या उपमुख्याध्यापिका."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांचा तिसरा आहे."

"तिसरा?" बाई हसल्या. "तिसरा माझा आहे, सर."

सर हसले नाहीत. "नवा चल आणलात, तर तो कागदावरून मोजून भागणार नाही. शिक्षकाची कृती कानांनी ऐकावी लागेल. समितीत कुणीतरी विचारेलच, ऐकलंत का म्हणून. मी दोन वर्षं वाट पाहिली. मला वाटलं होतं तुम्ही स्वतःच ओळखाल." त्यांनी संगणक सुरू केला. "नको असेल तर आत्ता सांगा. हा पाठ मुख्य मोजणीत धरायचाच नव्हता. तो बाजूला ठेवून, ही ओळ काढून जुनी चौकट नीट केली, तर जेमतेम का होईना, तुम्ही पार व्हाल."

बाईंना तेव्हाच कळलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "लावा."

आधी बाकांची खरखर आली. मग एक आवाज आला, खणखणीत, वीस वर्षांचा. "पाणी का पडलं नाही?" नंतर शांतता. ती कागदावर पाच सेकंदांची होती. इथे ती संपेना. आणि त्या शांततेत, अगदी माइकजवळ: खट्.

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. अंगठा पेनाच्या बटणावर होता.

"पुठ्ठा ओला होऊन पेल्याला चिकटला म्हणून," एक मुलगी म्हणाली. घाईघाईने, उत्साहाने, जरा जास्तच मोठ्याने. घरी जेवताना ती जशी बोलायची तशी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

बाकांच्या क्रमात अकरावी जागा खिडकीशेजारची, टकळीची. सातवीत टकळी त्यांच्याच वर्गात होती. आपल्या पोटची पोर आपल्याच निरीक्षणात घ्यावी का, हा प्रश्नही त्यांना तेव्हा पडला नव्हता. उलट आईच्या वर्गात तिला जास्त लाड मिळतात असं कुणी म्हणू नये, म्हणून त्या तिच्याशी जरा कडकच वागत.

"चिकटला. बरं. बस खाली," संगणकातला आवाज म्हणाला.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ते उत्तर निव्वळ चूक नव्हतंच. पुठ्ठा हवेच्या दाबाने टिकतो हे खरं, पण ओल्या पुठ्ठ्याची कड पाण्याने पेल्याला धरून राहते हेही खरं. एक वाक्य पुढे विचारलं असतं, 'चिकटला म्हणजे काय, सांग की,' तर पोर तिथपर्यंत पोचली असती. करड्या बाईंनी विचारलं होतं.

"बंद करा, सर."

सरांनी बंद केलं. "ओळ काढायची?"

बाईंनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. सर वाट पाहत राहिले, आणि ते तसे वाट पाहत असताना बाईंना अजिबात भीती वाटली नाही. तेवढ्यानेच त्यांना रडू आलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सणसणीत परिच्छेद तेवढा काढते. आणि सहावा पाठ कुणाचा ते प्रकरणात लिहिते."

घरी आल्या तेव्हा उन्हं अजून होती. टकळी टेबलाशी वही घेऊन बसली होती, आणि आईची चाहूल लागताच तिने वही मिटली. बाईंनी पेन पर्समध्ये टाकलं, पर्स दुसऱ्या खुर्चीवर ठेवली आणि समोर बसल्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते टेबलावर उताणे ठेवले.

"सातवीत माझ्या वर्गात असताना," त्यांनी विचारलं, "तुला माझी भीती वाटायची?"

एक. दोन. तीन. बाई मनात मोजत होत्या, मोजायचं नाही असं ठरवूनही. चार. पाच. टकळीने आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं, पेन कुठे आहे ते शोधलं. मग पर्सकडे पाहिलं. सात. आठ. आता ती बोलेल, काहीही बोलू दे, ओरडू दे, रडू दे. दहा. अकरा.

"आई," टकळीने अगदी हळू, जपून विचारलं, "तुला कुठलं उत्तर हवंय?"